आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पत्र लिहिताना

गेल्या वर्षी माझ्या आजीला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तिच्यासाठी मी जे पत्र लिहिलं, त्याचे सहा खर्डे झाले. पहिला दहा मिनिटांत झाला होता. शेवटचा व्हायला बारा दिवस लागले आणि तो जेमतेम एका कागदात मावला. आधीच्या पाच खर्ड्यांत काय काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं, ते इथे सांगते. आजीला भेटकार्डावरचा छापील मजकूर द्यायचा नाही, स्वतः काही लिहायचं आहे, आणि ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं किंवा तुमच्या तोंडून ऐकावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी आकडा नीट लावा

पहिल्याच ओळीत होणारी चूक आधी सांगते. ज्या दिवशी ऐंशी वर्षं पूर्ण होतात, त्या दिवशी माणूस एक्याऐंशीव्या वर्षात पाऊल टाकतं. तरी 'ऐंशीव्या वर्षात पदार्पण केल्याबद्दल' असं सर्रास लिहिलं जातं. हे पदार्पण आदल्या वर्षीच, एकोणऐंशी पूर्ण झाली तेव्हा होऊन गेलेलं असतं. १९४६ साली जन्मलेल्या आजीला २०२६ साली ऐंशी पूर्ण होतात आणि त्या दिवशी एक्याऐंशीवं वर्ष लागतं. म्हणून 'पदार्पण' हा शब्दच टाळावा आणि सरळ लिहावं, 'आज तुला ऐंशी वर्षं पूर्ण झाली.' या वाक्यात चुकायला जागा नाही, आणि आजी हिशेबाची पक्की असेल तर तिचं पहिलं लक्ष चुकीकडे जाणार नाही.

पहिला खर्डा लिहून टाका, पण पाठवू नका

माझा पहिला खर्डा असा होता:

'प्रिय आजी, तुला ऐंशीव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तू आपल्या कुटुंबाचा आधारस्तंभ आहेस. तू आम्हा सगळ्यांवर निःस्वार्थ प्रेम केलंस, चांगले संस्कार दिलेस. तू नेहमी सगळ्यांची काळजी घ्यायचीस, कधीच कुणाला काही कमी पडू दिलं नाहीस. तुझा हसरा चेहरा असाच राहो आणि तुला उदंड आयुष्य लाभो.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही हे पत्र माझ्या आजीचं नव्हतं. ते ओळखायची एक सोपी कसोटी आहे. हाच मजकूर तुमच्या मैत्रिणीनं तिच्या आजीला जसाच्या तसा दिला, तर कुणाला कळेल का? एकही शब्द बदलावा लागत नसेल, तर त्या मजकुरात तुमची आजी अजून आलेलीच नाही. माझ्या खर्ड्यात एकही शब्द बदलावा लागत नव्हता.

तरीही हा खर्डा लिहिणं गरजेचं असतं. मनात वरवर तरंगणारे तयार शब्द एकदा कागदावर उतरले की हात मोकळा होतो. 'आधारस्तंभ', 'संस्कार', 'निःस्वार्थ' हे शब्द लिहून झाले की त्यांच्याखाली काय आहे ते शोधायला सुरुवात करता येते.

आठवण कशी निवडायची

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मी एका संध्याकाळी पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसले आणि स्वतःला एकच अट घातली, की आजीचा एकही गुण लिहायचा नाही. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक असले शब्द बंद. फक्त तिच्या वस्तू, तिची वाक्यं आणि तिच्या हातांची कामं लिहायची.

कागदावर चार गोष्टी आल्या. चष्म्याला बांधलेला काळा दोरा, जो ती चष्मा डोळ्यांवर असतानाही चाचपडत असते. कुणीही घाईघाईत काही सांगायला आलं की तिचं ठरलेलं वाक्य, 'आधी बस तर.' रस्त्यानं चालताना ती दर थोड्या वेळानं थांबते आणि दम लागला असं कधी म्हणत नाही, काहीतरी बघायला थांबल्यासारखं करते. आणि चौथी, सुया. मी लहान असताना सुट्टी संपवून निघायची वेळ आली, की ती माझ्याकडून सुयांमध्ये दोरे ओवून घेत असे.

पहिल्या तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत आहेत. माझ्या भावालाही त्या लिहिता आल्या असत्या. शिवाय तिसरी लिहिली असती, तर तिनं इतकी वर्षं झाकून ठेवलेला थकवा मी चारचौघांत उघडा केला असता. सुयांची गोष्ट मात्र फक्त आम्हा दोघींची होती. त्यात ती काहीतरी करत होती, मीही काहीतरी करत होते, आणि ती सगळी सहासात वाक्यांत सांगता येत होती. निवडताना एवढं पाहिलं तरी पुरतं: आठवण तुम्हा दोघांमधली असावी, तिच्यात आजीची कृती असावी, आणि ती ऐकताना आजीला संकोच वाटू नये.

एकच आठवण घ्या, हे मी आग्रहानं सांगते. दुसऱ्या खर्ड्यात मी पाच आठवणी घातल्या होत्या. प्रत्येकीला एकच वाक्य मिळालं आणि पत्राची यादी झाली. यादी ऐकणारा माणूस पुढचं काय येणार याचीच वाट बघत राहतो, कुठेच थांबत नाही. उरलेल्या चार आठवणी वाया जात नाहीत. वाढदिवस पुढच्या वर्षीही येतो.

आठवणीची खातरजमा करा

लहानपणीची आठवण आपल्याला वाटते तितकी पक्की नसते. माझ्या डोळ्यांसमोर सुया टोचून ठेवायची छोटी उशी लाल होती. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, हिरवी होती, जुन्या पडद्याच्या कापडाची, तिनंच शिवलेली. मला पक्का आठवणारा रंग साफ चुकीचा होता. पत्रात 'लाल उशी' आली असती, तर वाचता वाचता आजी म्हणाली असती, 'हिरवी गं,' आणि सगळ्यांचं लक्ष रंगाकडे गेलं असतं. म्हणून त्या काळात घरात असलेल्या एका मोठ्या माणसाला तरी विचारून घ्या. ज्याची खात्री होत नाही तो तपशील गाळा. गाळलेला तपशील कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलेला येतो.

विचारताना पूर्ण गोष्ट सांगू नका. 'आजीकडे सुया कशात ठेवलेल्या असायच्या?' एवढंच विचारा. गोष्ट आधी सांगितली की समोरचा माणूस तुमच्याच आठवणीला मान डोलावतो.

मावशीच्या त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली. ती म्हणाली, 'पण आईकडे सुईत दोरा ओवायचं ते छोटं पत्र्याचं यंत्र होतं की. बारीक तारेचं. पहिल्यापासून होतं.' म्हणजे माझ्या ओवलेल्या सुयांवाचून तिचं काही अडत नव्हतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही लिहू शकले नाही. हे पत्रात घालायचं की नाही, याचा निर्णय मी पुढे सांगते.

भूतकाळ कुठे थांबवायचा

तिसरा खर्डा मी आईला वाचून दाखवला. ती ऐकत होती, मग हळूच म्हणाली, 'हे श्रद्धांजलीसारखं वाटतंय.' मला धक्का बसला, पण तिचं खरं होतं. मी पुन्हा वाचलं तेव्हा कारण सापडलं. जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'करायचीस', 'सांगायचीस', 'बसायचीस' होतं. हे रूप आपण सवयीच्या पण आता संपलेल्या गोष्टींसाठी वापरतो. अशी दहा वाक्यं सलग आली, की ज्या माणसाबद्दल बोलतोय ते आता नाही असा सूर आपोआप लागतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला तो सूर चटकन ऐकू येतो.

त्यावर दोन उपाय मला लागू पडले. पहिला, सवय सांगायची नाही, एक दिवस सांगायचा. 'तू मला सुया ओवायला द्यायचीस' याऐवजी 'तू मला खिडकीपाशी बसवलंस'. एका दिवसाची गोष्ट भूतकाळात असली तरी ती जिवंत वाटते, कारण ऐकणारा त्या दिवसात जाऊन बसतो. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. पत्रात निदान दोन वाक्यं आजच्या आजीबद्दल, वर्तमानकाळात असली पाहिजेत. ती आज काय करते, गेल्या महिन्यात तिनं काय केलं. मी मागच्या भेटीत गेले होते तेव्हा तिनं माझ्या पिशवीचा तुटलेला बंद मला न सांगता शिवून ठेवला होता. तो पत्रात आला आणि आईनं म्हटलेला सूर निघून गेला.

आजी आता अंथरुणाला खिळलेली असेल, हातून काही होत नसेल, तरी हे वाक्य सापडतं. ती कुणाची चौकशी करते, कुणाचा आवाज ओळखते, कुठल्या गाण्याला बोटं हलवते, हेही तिचं आजचं करणंच आहे.

शुभेच्छेचं वाक्य

'उदंड आयुष्य लाभो', 'शतायुषी हो' ही वाक्यं ऐकायला छान वाटतात. पण ऐंशीव्या वाढदिवशी शंभरचा आकडा उच्चारला की मनात वजाबाकी होते. काही आज्यांना ते आवडतं, काही 'आता पुरे गं' म्हणतात. तुमची आजी यातली कुठली, ते तुम्हालाच ठाऊक. खात्री नसेल तर वर्षं मोजू नका. शिवाय 'आयुष्मान भव', 'औक्षवंत हो' हे मोठ्यांनी धाकट्यांना द्यायचे आशीर्वाद आहेत. नातवंडाच्या तोंडी ते उलटे पडतात. नातवंडानं नमस्कार करावा.

मी शुभेच्छेच्या जागी जवळची, हाताला लागेल अशी एक गोष्ट ठेवली: मी कधी येणार आहे ती तारीख. 'लवकरच येते' हे आजी शंभरदा ऐकून असते. तारीख लिहिली की ती वाट बघू शकते. पण ती तारीख पाळता येणार असेल तरच लिहा, कारण हा कागद ती जपून ठेवणार आहे. येणं शक्य नसेल तर फोनचा वार आणि वेळ लिहा आणि तेवढं नक्की करा.

याच ठिकाणी अनेक जण स्वतःच्या अपराधाची कबुली देऊन बसतात, की मी फोन करत नाही, मला वेळ मिळत नाही, मला माफ कर. माझ्या चौथ्या खर्ड्यात अशी चार वाक्यं होती. ती मनापासून लिहिली होती. पण मग वाढदिवसाच्या दिवशी आजीलाच माझी समजूत काढत बसावं लागलं असतं. माफी मागायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, समोर बसून मागावी.

आजोबा हयात नसतील तर त्यांचा उल्लेख करावा का, हा प्रश्नही इथेच येतो. माझं मत असं, की निवडलेल्या आठवणीत ते असतील तर सहज येऊ द्या. नसतील तर मुद्दाम ओढून आणू नका. ते असते तर त्यांना किती आनंद झाला असता, हे तिच्या मनात सकाळपासून येऊन गेलेलंच असतं.

शेवटी तयार झालेलं पत्र

'आजी,

साष्टांग नमस्कार. आज तुला ऐंशी वर्षं पूर्ण झाली.

मी आठ वर्षांची होते तेव्हाची एक संध्याकाळ सांगते. सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. तू मला खिडकीपाशी बसवलंस, सुयांची हिरवी उशी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "तू चाललीस. आता मला दोरा कोण ओवून देणार? दहा सुया भरून जा." मी एकेक भरत गेले. पांढरा, काळा, निळा, पुन्हा पांढरा. दहावी सुई भरताना मला रडू यायला लागलं. तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. अकरावी सुई पुढे केलीस.

पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा आधी धावत जाऊन उशी बघितली. आठ सुया रिकाम्या होत्या, तीन अजून भरलेल्या होत्या.

परवा मैत्रीण आजारी होती म्हणून तिच्याकडे राहायला गेले होते. निघताना तिच्या आठवड्याभराच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून ठेवल्या. सातवा कप्पा बंद करताना मला तुझी उशी आठवली. निघताना मागे काहीतरी भरून ठेवावं, हे मला तुझ्याकडून आलंय.

तू अजून फाटलेलं काही फेकत नाहीस. मागच्या खेपेला माझ्या पिशवीचा बंद मला न सांगता शिवलास. टाका इतका बारीक आहे की मला आठ दिवसांनी कळलं.

मी चौदा तारखेला येते आहे, चार दिवस राहणार आहे. सुया रिकाम्या करून ठेव.

तुझी,
चिमू'

हे मोठ्यानं, सावकाश वाचायला पावणेदोन मिनिटं लागतात. एवढं पुरे. तीन मिनिटांच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आधीचं धरून ठेवणं जड जातं.

सुरुवातीच्या 'आजी' या हाकेबद्दल थोडं. घरात तुम्ही जी हाक मारता तीच लिहा. आज्जी म्हणत असाल तर आज्जी, 'अहो आजी' म्हणत असाल तर पत्रातही 'तुम्ही'. कागदावर आलो म्हणून 'तू'चं 'आपण' करू नका. जुन्या पद्धतीची सुरुवात आवडत असेल तर एक लक्षात ठेवा: 'तीर्थरूप' हे आई-वडिलांसाठी आहे, आजीसारख्या इतर वडीलधाऱ्यांसाठी 'तीर्थस्वरूप'. स्वतः पत्रं लिहीत मोठ्या झालेल्या आजीला हा फरक माहीत असतो.

ऐंशी वर्षांच्या डोळ्यांसाठी लिहिणं

मजकूर कितीही चांगला असला तरी तिला तो वाचता आला पाहिजे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं, बाहुली लहान राहते, त्यामुळे आत पोचणारा प्रकाश कमी होतो. फिकट रंग एकमेकांत मिसळून जातात आणि निळ्या छटा मंद दिसतात. म्हणून सोनेरी शाई, फिकट गुलाबी कागदावर जांभळी अक्षरं, मजकुरामागे फुलांचं चित्र हे सगळं बाजूला ठेवा. पांढरा किंवा किंचित पिवळसर, न चमकणारा कागद आणि काळी शाई घ्या. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि नेमका तेवढा भाग दिसेनासा होतो.

देवनागरीची एक खास अडचण आहे. आपले अनुस्वार, वेलांट्या, उकार अक्षराच्या वर आणि खाली चिकटून येतात. अक्षर लहान झालं की आधी तेच हरवतात, आणि ओळी दाटीनं लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. संगणकावर लिहून छापत असाल तर अक्षरांचा आकार १८ ते २० ठेवा, दोन ओळींमधलं अंतर दीडपट करा आणि साधा, सरळ फॉन्ट निवडा. वळणदार, सजावटीचा नको. हातानं लिहीत असाल तर रेघांच्या कागदावर एक ओळ सोडून लिहा, जाड टोकाचं पेन घ्या, आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहा, म्हणजे मागची अक्षरं पुढे उमटणार नाहीत. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका.

मी हातानं लिहिलं. तुमचं अक्षर फारच दुर्वाच्य असेल तर मजकूर छापून घ्या आणि हाक व सही तेवढी हातानं करा. तपासायला सोपा मार्ग म्हणजे संध्याकाळी, घरातल्या नेहमीच्या दिव्यात, कागद हातभर लांब धरून वाचा. तुम्हाला अगदी आरामात वाचता आलं, तरी आणखी एक पायरी मोठं करा.

वाचून दाखवणार असाल तर

वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. बोलण्यात स, श, फ यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत येतात. त्यामुळे आजी म्हणते, 'बोलतेस ते ऐकू येतं, कळत नाही.' आपण मग ओरडतो. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवा, वेग कमी करा, प्रत्येक वाक्यानंतर श्वासभर थांबा. तिच्या समोर, हातभर अंतरावर, तिच्याच उंचीला बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, कारण ती तुमचे ओठही वाचत असते. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा तिला काळा दिसेल. पंखा आणि टीव्ही बंद करा. कानात यंत्र लावत असेल तर ते चालू आहे ना, ते आधी बघा.

पाहुणे यायच्या आधी वाचा. वीस माणसांच्या गलक्यात तिला काही ऐकू येणार नाही आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर असल्यामुळे तिला हवं तेव्हा डोळे पुसता येणार नाहीत. मी सकाळी साडेसातला वाचलं, खोलीत आम्ही दोघीच होतो.

आदल्या रात्री चार वेळा मोठ्यानं वाचून बघा. कुठे गळा दाटतो ते कळतं. माझा 'अकरावी सुई' म्हणताना दाटत होता. तिथे मी पेन्सिलीनं छोटी उभी रेघ मारली, म्हणजे तिथे थांबून श्वास घ्यायचा. तरीही आवाज फुटला तर घाईनं पुढे रेटू नका. कागद तिच्या हातात द्या. उरलेलं ती वाचेल.

लांब असाल तर ध्वनिमुद्रण पाठवा. दोन मिनिटांच्या आत ठेवा, बंद खोलीत करा आणि पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव सांगा. तेच पत्र टपालानं किंवा कुणाच्या तरी हाती कागदावरही पाठवा. फोनवर आलेला लांब मजकूर अर्धा झाकला जातो आणि तो उघडण्यासाठी कुठे बोट लावायचं हे अनेक आज्यांना माहीत नसतं. त्या दिसतं तेवढंच वाचून फोन ठेवून देतात.

आजीला विसरायला होत असेल तर

तेव्हा एक प्रश्न पूर्ण टाळा: 'आठवतंय का?' विसरणाऱ्या माणसासाठी तो परीक्षेचा प्रश्न असतो. उत्तर आलं नाही की ती घाबरते किंवा कसंबसं हसून वेळ मारून नेते. गोष्ट सांगा, विचारू नका. 'तू मला खिडकीपाशी बसवलंस' हे वाक्य तिला आठवलं तरी चालतं, आठवलं नाही तरी चालतं, कारण आठवण सांभाळायचं काम तुम्ही घेतलेलं असतं. पत्र आणखी छोटं करा, पाचसहा वाक्यांचं. गोष्टीतली वस्तू अजून घरात असेल तर वाचण्याआधी ती तिच्या हातात द्या. शब्द हरवलेले असतात तेव्हाही हातांना पुष्कळ माहीत असतं.

बहुतेक माणसांना म्हातारपणी स्वतःच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधलं सगळ्यात जास्त आठवतं. तुमच्या जन्माच्या वेळी आजी या वयाच्या बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे तुमच्यासाठी ठळक असलेली आठवण तिच्यासाठी पुसट असणं हे अगदी स्वाभाविक आहे. 'तुला एवढंही आठवत नाही?' असं मनातसुद्धा आणू नका.

वेगळी चिठ्ठी

आता त्या पत्र्याच्या यंत्राबद्दल. पाचव्या खर्ड्यात मी ते घातलं होतं. 'मावशीनं सांगितलं की तुझ्याकडे दोरा ओवायचं यंत्र होतंच. मग माझ्याकडून का ओवून घेतलंस?' वाक्य चांगलं होतं आणि पत्राचा शेवटही त्यानं जोरदार झाला असता. म्हणूनच मला त्याची शंका आली. आजीनं ती गोष्ट इतकी वर्षं मला सांगितली नव्हती. हे पत्र नंतर घरातले सगळे वाचणार होते, आणि तिची ती छोटीशी लपवालपवी सगळ्यांसमोर उघडी करायचा हक्क मला नव्हता.

मी तो प्रश्न पत्रातून काढला आणि एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी घडी करून पत्राच्या आत ठेवली आणि वर 'फक्त तुझ्यासाठी' असं लिहिलं. तुमच्याही पत्रात असं काही असेल, की जे दोघांपुरतंच राहावं, तर त्यासाठी असा वेगळा कागद ठेवा. त्यावर एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर फक्त तिलाच देता येईल. आणि उत्तर लगेच मागू नका. त्या दिवशी लोक येत-जात असतात, ती थकलेली असते.

मी वाचून झाल्यावर तिनं कागद घेतला, पुन्हा एकदा मनात वाचला, चिठ्ठी न उघडता तशीच पत्रात सरकवली आणि सगळं उशीखाली ठेवलं. मी काही विचारलं नाही.

तीन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, 'यंत्र होतं गं. पण त्याच्यामुळे तू अजून अर्धा तास माझ्यापाशी बसली असतीस का?'

ते वाक्य मी माझ्याकडच्या प्रतीच्या मागे, तारीख घालून, लिहून ठेवलं आहे.